छोट्या खणासाठी हाताने कापलेला डव्हटेल सांधा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी सुतारकाम शिकायला येणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकाच उदाहरणाच्या आधाराने दिली आहेत. उदाहरण देव्हाऱ्याखालच्या लहान खणाचे आहे. खणाची उंची ७५ मिमी, बाजूच्या फळ्या ३०० मिमी लांब, पुढची व मागची फळी २२० मिमी लांब आणि चारही फळ्यांची जाडी १२ मिमी आहे. लाकूड सागवान आहे. चारही कोपऱ्यांवर आरपार डव्हटेल आहे, म्हणजे सांध्याची टोके दोन्ही बाजूंनी दिसतात. काही मापे वेगळी असतील तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

शेपट्या कोणत्या फळीवर काढायच्या आणि खुंट्या कोणत्या?

खण उघडताना आपण पुढची फळी ओढतो, आणि आतल्या सामानाचे वजन त्याच वेळी ती फळी बाजूच्या फळ्यांपासून सुटी करू पाहते. म्हणून पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे भाग बाजूच्या फळ्यांवर काढावेत आणि त्यांच्यामध्ये बसणाऱ्या खुंट्या पुढच्या व मागच्या फळीवर ठेवाव्यात. असे केल्यावर ओढ ज्या दिशेला असते त्याच दिशेला शेपटी खुंट्यांमध्ये अडकते आणि सरस कमी पडला तरी सांधा उघडत नाही. उलट केले तर दिसायला सांधा तसाच दिसतो, परंतु त्याची सगळी भिस्त सरसावर राहते.

लाकूड कसे निवडावे? जुन्या माळवदाचे सागवान चालेल का?

चालेल, आणि बऱ्याचदा वखारीतल्या नव्या फळीपेक्षा ते बरे पडते, कारण अनेक वर्षे घरात राहिल्याने ते पूर्ण वाळलेले असते. मात्र माळवदाच्या तुळयांमध्ये आणि किलचांमध्ये खिळे तुटून आत राहिलेले असतात, त्यामुळे रंधा लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून पाहावे. वखारीतून नवी फळी आणली तर ती काम करण्याच्या खोलीत, खाली पट्ट्या घालून, काही आठवडे तशीच ठेवावी.

फळी निवडताना धागा सरळ आहे ना, हे मात्र जरूर पाहावे. गाठीजवळ धागा वळतो आणि नेमक्या तेथे शेपटीचा कोपरा आला तर पटाशीच्या पहिल्या ठोक्याला तो उडतो. सागवानाची आणखी एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्यात नैसर्गिकरीत्या सिलिका असते, म्हणजे वाळूच्याच जातीचा कठीण पदार्थ, आणि त्यामुळे पटाशीची धार लवकर मरते. एका कोपऱ्याच्या कामात दोनदा तरी दगडाकडे जावे लागेल, हे गृहीत धरूनच बसावे.

आखणीला सुरुवात कोठून करावी?

आखणीपूर्वी चारही फळ्यांची टोके गुण्याने तपासून काटकोनात करून घ्यावीत आणि प्रत्येक फळीवर आतली बाजू व खालची कड पेन्सिलीने लिहून ठेवावी. हा लिहिण्याचा भाग क्षुल्लक वाटतो, पण वाया गेलेल्या फळ्यांमध्ये वाईट कापलेल्या सांध्यांपेक्षा उलट्या बाजूला कापलेले सांधे अधिक असतात, असे माझ्या शेडच्या कोपऱ्यातला ढीग सांगतो.

त्यानंतर मार्किंग गेज समोरच्या फळीच्या जाडीला लावावा. येथे जाडी आकड्याने मोजू नये. गेज थेट फळीवर टेकवून बसवावा, कारण १२ मिमीची म्हणून आणलेली फळी रंधा मारल्यावर साडेअकरा होते. या मापाने टोकापासून आत जी रेष पडते तिला आपण हद्दीची रेष म्हणू. शेपट्यांच्या फळीवर ही रेष दोन्ही पृष्ठांवर आणि दोन्ही कडांवर, म्हणजे चारही बाजूंनी फिरवावी, कारण कडेच्या अर्ध्या खुंट्यांसाठी तेथेही लाकूड कापून काढायचे असते. खुंट्यांच्या फळीवर मात्र ती फक्त दोन पृष्ठांवर ओढावी. कडांवर ओढली तर ती खुंटीच्या अंगावर कायमची दिसत राहते. रेष हलकी असावी. जेथे लाकूड निघणार आहे तेवढ्याच भागात ती नंतर सुरीने खोल करता येते.

शेपट्यांची मापे कशी ठरवायची?

कागदावर आकडेमोड करण्यापूर्वी हाताशी असलेली सर्वांत लहान पटाशी कोणती, हे पाहावे. दोन शेपट्यांमधली फट त्या पटाशीपेक्षा थोडी रुंद असली पाहिजे, नाही तर आतले लाकूड काढायलाच जागा उरत नाही. बाजारात ६ मिमीची पटाशी सहज मिळते, म्हणून आपण फळीच्या टोकाला फट ७ मिमीची धरू.

आता ७५ मिमीच्या उंचीत दोन्ही कडांना ५-५ मिमी अर्ध्या खुंट्यांसाठी सोडले की ६५ मिमी उरतात. तीन शेपट्या हव्यात, म्हणजे त्यांच्यामध्ये फटी दोन, त्यांचे १४ मिमी गेले. उरलेल्या ५१ मिमीत प्रत्येक शेपटी १७ मिमीची होते. उतार आठास एक ठेवावा, म्हणजे आठ मिमी आत गेल्यावर रेष एक मिमी सरकते. १२ मिमीच्या खोलीत ती दीड मिमी सरकेल. त्यामुळे हद्दीच्या रेषेवर शेपटी १४ मिमी आणि मधली फट १० मिमी होते, तर कडेची जागा साडेसहा मिमी होते. बेरीज करून पाहावी : तीन शेपट्यांचे ४२, दोन फटींचे २०, दोन कडांचे १३, एकूण ७५. बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊ नये.

मऊ लाकडात उतार सहास एक ठेवण्याची पद्धत आहे, कारण मऊ धागे दबतात आणि कमी उताराची शेपटी ओढीने निसटू शकते. सागवानाला आठास एक पुरतो. याहून जास्त उतार दिला तर शेपटीचा कोपरा पातळ होतो आणि त्यातला आखूड धागा तुटतो.

शेपट्या कापताना रेषेवर कापायचे की रेषेबाहेर?

शेपट्यांच्या बाबतीत याचे फारसे महत्त्व नाही, आणि हे ऐकून नवखे लोक नेहमी चकित होतात. शेपटी अर्धा मिमी बारीक झाली किंवा तिचा उतार जरा चुकला तरी बिघडत नाही, कारण खुंट्या नंतर या शेपट्यांवरूनच आखायच्या आहेत. एक गोष्ट मात्र चुकून चालत नाही : करवतीची चीर फळीच्या पृष्ठाला काटकोनात उतरली पाहिजे. ती तिरकी उतरली तर पुढच्या बाजूने आखलेली खुंटी मागच्या बाजूला जुळत नाही.

यावर सोपा उपाय असा की बाजूच्या दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून वाइसमध्ये धराव्यात आणि एकदमच कापाव्यात. टोकावर गुण्याने ओढलेली रेष आता २४ मिमी लांब होते आणि करवत काटकोनात आहे की नाही, हे डोळ्यांना लगेच कळते. फळ्या वाइसमध्ये थोड्या तिरक्या धरून कापायची रेष उभी करून घ्यावी, कारण हाताला उभे कापण्याची सवय असते, तिरके कापण्याची नसते. एका दिशेच्या सगळ्या रेषा कापून झाल्या की फळ्या दुसरीकडे कलवाव्यात.

करवत बारीक दातांची हवी. बांधकामावर वापरतात ती मोठ्या दातांची करवत या कामाला निरुपयोगी आहे. तिची चीर रुंद पडते आणि मागच्या बाजूचे धागे ओरबाडले जातात. पाठीला पट्टी असलेली छोटी करवत मिळाली तर उत्तम. ती नसेल तर लोखंड कापायच्या हॅक्सॉमध्ये १८ दातांचे पाते लावूनही १२ मिमीच्या फळीत नीट काम होते, फक्त वेळ लागतो. हद्दीच्या रेषेच्या केसभर आधी थांबावे आणि मागच्या बाजूला वाकून पाहण्याची सवय ठेवावी, कारण पुढे रेषेवर थांबलेली करवत मागे रेष ओलांडून गेलेली असू शकते.

पटाशीने लाकूड काढताना हद्दीची रेष मागे सरकते. असे का होते?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

पटाशीचे एक अंग सपाट असते आणि दुसरे तिरके. ती लाकडात शिरते तेव्हा पाचरीसारखी वागते : तिरक्या अंगाकडचे लाकूड पुढे ढकलते आणि त्याच जोराने लाकूड तिला मागे, सपाट अंगाच्या दिशेला, रेटते. पटाशी थेट हद्दीच्या रेषेत ठेवून मोगरीचा जोराचा ठोका दिला तर पुढचे लाकूड घट्ट असल्यामुळे हलत नाही आणि पटाशीच मागे सरकते. रेष अर्धा मिमी ओलांडली जाते, आणि सांधा बसवल्यावर तेथे काळी फट दिसते. अनेकांना वाटते की आपला हात हलला. खरे तर हात स्थिर असतानाही हे घडते.

म्हणून पहिला ठोका रेषेपासून एक मिमी अलीकडे, काढायच्या लाकडात द्यावा. सपाट अंग हद्दीच्या रेषेकडे आणि तिरके अंग फळीच्या टोकाकडे असावे. ठोका हलका असावा, दोन-तीन मिमी खोल जाण्यापुरता. मग टोकाच्या बाजूने पटाशी आडवी धरून तेवढाच थर उचकटून काढावा. या क्रमाने फळीच्या अर्ध्या जाडीपर्यंत जावे आणि फळी उलटावी. एकाच बाजूने आरपार गेल्यास खालच्या पृष्ठाचे धागे फाटून हद्दीच्या पलीकडचा तुकडा निघतो, आणि तो दिसण्याच्या जागी असतो. पहिल्या बाजूला काम करताना अगदी टोकाकडचे थोडे लाकूड तसेच ठेवले तर फळी उलटल्यावर खालून आधार राहतो.

दोन्ही बाजूंनी वाट मिळाली की रेषेपाशी उरलेला एक मिमीचा थर तासण्याचे काम सुरू होते. येथे मोगरी बाजूला ठेवावी. उरलेल्या थराचा निम्मा भाग पहिल्यांदा घ्यावा, नंतर त्याचाही निम्मा, आणि शेवटी पटाशीची धार हद्दीच्या कोरीव रेषेत ठेवावी. ती तेथे आपोआप अडकते, बोटांना ते जाणवते. आता समोर रेटणारे लाकूड इतके पातळ असते की पटाशी मागे सरकत नाही. एक हात पात्याला धरून दिशा देतो आणि खांद्याचा भार वरून जातो. तळ किंचित आत खोलगट तासावा, म्हणजे दोन्ही पृष्ठांवर रेष पूर्ण राहील आणि मध्यभाग पाव मिमी खाली जाईल. तळ मध्ये फुगीर राहिला तर सांधा कितीही ठोकला तरी तो पूर्ण बसत नाही. गुण्याची पट्टी तळावर आडवी ठेवून उजेडाकडे धरली की फुगवटा लगेच दिसतो.

धार पुरेशी आहे की नाही, हे तळाच्या रंगावरून ओळखावे. धारदार पटाशीने तासलेले धाग्यांचे टोक गडद आणि चमकदार दिसते. ते पांढुरके, भुगा बसल्यासारखे दिसले तर धागे कापले गेलेले नाहीत, दबून तुटले आहेत, आणि आता दगडाकडे जायला हवे.

दोन शेपट्यांमधल्या कोपऱ्यात पटाशी नीट का शिरत नाही?

शेपट्यांमधली जागा तळाशी रुंद होत जाते, त्यामुळे तेथील कोपरा काटकोनापेक्षा थोडा लहान असतो. लोहाराकडून करून घेतलेल्या किंवा जुन्या धाटणीच्या पटाशीच्या कडा जाड व चौकोनी असतात, आणि त्या शेपटीच्या अंगाला घासून तिची धार चेमटवतात. यासाठी कडेलाही उतार दिलेली पटाशी घ्यावी किंवा असलेल्या ६ मिमीच्या पटाशीच्या कडा टोकापासून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत घासून पातळ कराव्यात. आमच्या शेडमधली पटाशी अशीच घासलेली आहे आणि तिला दुसऱ्या कोणत्याही कामासाठी हात लावायचा नाही, असा दंडक आहे.

खुंट्या शेपट्यांवरून कशा उतरवाव्यात?

पुढची फळी वाइसमध्ये उभी धरावी आणि तिच्या टोकावर बाजूची फळी आडवी ठेवावी. दोन्हींच्या आतल्या बाजू योग्य दिशेला आहेत ना, हे पुन्हा पाहावे. बाजूच्या फळीची हद्दीची रेष उभ्या फळीच्या आतल्या कडेशी तंतोतंत जुळली पाहिजे आणि दोन्ही फळ्यांच्या खालच्या कडा एका रेषेत असल्या पाहिजेत. आडव्या फळीच्या मागच्या टोकाखाली त्याच उंचीचा ठोकळा द्यावा, नाही तर ती डुगडुगते.

आता पातळ सुरीने प्रत्येक शेपटीच्या दोन्ही अंगांलगत रेष ओढावी. सुरीचे पाते शेपटीला चिकटून असावे, आणि पहिली ओढ इतकी हलकी असावी की फळी जागची हलणार नाही. दुसरी ओढ थोडी खोल. पेन्सिल येथे वापरू नये. तिच्या टोकाची जाडी म्हणजे सांध्यातली फट. सागवान गडद असल्याने सुरीची रेष दिसत नसेल तर टोकावर आधी खडूचे बोट फिरवावे, म्हणजे पांढऱ्यावर रेष उठून दिसते.

फळी खाली घेतल्यावर या रेषा गुण्याने दोन्ही पृष्ठांवर हद्दीपर्यंत उतरवाव्यात आणि काढायच्या भागांवर लगेच फुल्या माराव्यात. तपासणी सोपी आहे : खुंटी फळीच्या बाहेरच्या पृष्ठावर ७ मिमी आणि आतल्या पृष्ठावर १० मिमी दिसली पाहिजे. उलटे दिसत असेल तर फळी उलटी धरली गेली होती.

खुंट्या जाड ठेवून नंतर पटाशीने तासून बसवणे सोपे नाही का?

बहुतेक ठिकाणी असेच शिकवले जाते आणि मला ते पटत नाही. खुंटीचे अंग तासताना ते सपाट राहत नाही. मध्ये खळगा किंवा कडेला गोलाई येते, आणि सांधा बाहेरून घट्ट दिसला तरी आतून दोन-तीन ठिकाणीच टेकलेला असतो. सरस धरायला पूर्ण पृष्ठभाग लागतो. म्हणून खुंट्यांच्या वेळी करवत सुरीच्या रेषेला फुलीच्या बाजूने चिकटून चालवावी, सुरीच्या रेषेची खुंटीकडची कड शाबूत राहिली पाहिजे, आणि सांधा शक्यतो करवतीच्याच पृष्ठावर बसावा. पटाशीने तळ नेहमी तासावा. अंग तासावे ते फक्त जेथे ते अडते आहे असे दिसेल तेथे.

खुंट्यांमधले लाकूड काढण्याची रीत आधी सांगितलेलीच आहे. फरक इतकाच की ही जागा बाहेरच्या पृष्ठावर १७ मिमी आणि आतल्या पृष्ठावर १४ मिमी असते, म्हणून पटाशी १२ मिमीची घ्यावी. त्याहून मोठी घेतली तर आतल्या बाजूला ती खुंटीत शिरते.

सांधा किती घट्ट असावा, आणि कोठे अडतो ते कसे ओळखावे?

हाताच्या दाबाने शेपटी साधारण एक तृतीयांश आत जावी आणि उरलेले अंतर मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी जावे. ठोक्याचा आवाज ऐकावा. सांधा मोकळेपणाने सरकत असेल तोवर आवाज भरीव येतो. तो अचानक कोरडा आणि उंच झाला तर थांबावे, कारण तेथे काहीतरी अडले आहे आणि पुढचा ठोका फळी चिरेल.

अडलेली जागा शोधण्यासाठी खुंट्यांच्या अंगाला मऊ पेन्सिल घासावी, सांधा थोडा बसवून पुन्हा काढावा. शेपटीवर जेथे काळा चकाकता डाग उमटला असेल तेवढेच, पटाशीने धाग्याच्या दिशेने, कागदाइतके पातळ तासावे. कोरडा सांधा पूर्ण बसवून बघण्याचा मोह होतो. तो आवरावा. दर वेळी बसवताना धागे दबतात, आणि तीन वेळा पूर्ण बसवलेला सांधा चौथ्या वेळी सैल असतो. दोन तृतीयांश आत जाऊ दिला की पुरे.

फट राहिलीच तर काय करावे?

खुंटी आणि शेपटीच्या मधल्या फटीसाठी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून पातळ काप काढावा, त्याचा धागा शेजारच्या लाकडाच्या दिशेला ठेवावा, सरस लावून हलकेच ठोकावा आणि वाळल्यावर पटाशीने सपाट करावा. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरलेली फट पॉलिश लावल्यावर काळी पडते. हद्दीच्या रेषेवरची फट मात्र अशी भरून निघत नाही. ती मागे सरकलेल्या पटाशीची खूण असते.

तळाच्या प्लायची खाच शेपट्यांमधून बाहेर दिसते. ती कशी लपवावी?

४ मिमी प्लायसाठी खाच खालच्या कडेपासून ९ ते १३ मिमीच्या दरम्यान, ४ मिमी खोल घ्यावी. ती सर्वांत खालच्या शेपटीच्या रुंदीत येते. पुढच्या आणि मागच्या फळीवर ही खाच टोकापर्यंत आरपार नेली तरी चालते, कारण शेपटी बसल्यावर तिचे तोंड झाकले जाते. बाजूच्या फळीवर मात्र ती शेपटीच्या टोकाच्या ६ मिमी आधी थांबवावी आणि शेवटचा भाग पटाशीने कोरावा, नाही तर खणाच्या दर्शनी बाजूला चौकोनी भोक दिसेल. प्लाय लाकडासारखा फुगत नाही, म्हणून तो चारही फळ्या जोडतानाच आत घालता येतो.

उन्हाळ्यात केलेला खण पावसाळ्यात अडकतो. यात सांध्याचा दोष असतो का?

सांध्याचा नसतो. मराठवाड्यात वैशाखात हवा अतिशय कोरडी असते आणि लाकूड आकसलेले असते. श्रावण-भाद्रपदात तेच लाकूड दमट हवेतली ओल घेऊन फुगते. लाकूड धाग्याच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवे वाढते, आणि आपल्या खणाच्या चारही फळ्यांमध्ये आडवी दिशा म्हणजे उंची. चारही फळ्या एकसारख्या फुगतात म्हणून सांध्यावर ताण येत नाही, परंतु खण उंच होतो आणि वरच्या फळीला घासतो. ७५ मिमीच्या सागवानी खणाला उन्हाळ्यात वर १ ते १.५ मिमी मोकळी जागा ठेवावी. पावसाळ्यात केला असेल तर अर्धा मिमी पुरतो, कारण पुढे तो आकसणारच आहे.

सरसाच्या बाबतीतही हंगाम पाहावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी शेडमध्ये पांढरा सरस लावला तर चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेतो पहिल्यावर साय धरलेली असते, आणि अर्धवट बसलेला सांधा मग ना पुढे जातो ना मागे येतो. हे काम सकाळी सातच्या आत करावे. सरस शेपट्यांच्या अंगांना पातळ लावावा, खुंट्यांना नाही, म्हणजे जास्तीचा सरस आत न सांडता बाहेर ढकलला जातो. चारही कोपरे बसल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. एक लांब भरला तर त्या कर्णावर शिकंजा लावून हलकेच दाबावे आणि दोन्ही सारखे झाल्यावर खण सपाट फरशीवर रात्रभर ठेवावा.